वर्षाचा हिशोब तिप्पट, आणि ऑगस्टमध्ये तिजोरी रिकामी

आपल्या समाजातील लहान व्यापाऱ्याला बँक कर्ज देत नाही ही तक्रार जुनी आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. काही बँका ठरावीक वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र मानून तेथे कर्ज देण्याचे टाळतात, असे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे. पण बँकेच्या कर्ज विभागात काही वर्षे काढल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याकडून जाणारे कर्जाचे पत्र अनेकदा असे असते, की मॅनेजरच्या मनात कोणताही आकस नसला तरी त्याला हो म्हणता येत नाही. नुकतेच असे एक पत्र माझ्याकडे वाचायला आले. त्यावर सविस्तर लिहावेसे वाटते.

पत्र रत्नागिरीच्या एका तरुण निर्यातदाराचे. हापूसचा रस काढून तो ३.१ किलोच्या डब्यांत भरायचा आणि दुबई, कुवेतच्या खरेदीदारांना पाठवायचा, हा त्याचा धंदा. एका पेटाऱ्यात सहा डबे, आणि वीस फुटी कंटेनरमध्ये असे हजार पेटारे, म्हणजे साडेअठरा टनांच्या वर माल. गेल्या वर्षी त्याचे सात कंटेनर गेले. यंदा नवा बॉयलर आणि पल्पर बसवून दहा कंटेनर करायचे आहेत. त्यासाठी यंत्रांकरिता ३० लाखांचे मुदत कर्ज आणि फळ खरेदीसाठी १ कोटी ७० लाखांचे पॅकिंग क्रेडिट, अशी मागणी होती.

"साहेब, एकदा नजर टाका. चार्टर्ड अकाउंटंट म्हणतात, डीएससीआर तीनच्या वर आहे, बँक डोळे मिटून देईल," असे तो म्हणाला. मी म्हटले, "बेटा, डोळे मिटून दिलेले कर्ज घेऊ नकोस."

पत्राची सुरुवात नेहमीसारखीच होती. मी आपल्या बँकेचा अकरा वर्षांचा प्रामाणिक ग्राहक आहे, माझे वडीलही आपल्या बँकेचे खातेदार होते, वगैरे. हे सगळे खरे असेल, पण मॅनेजरच्या पासबुकात ते आधीच आहे. दीड पान असे गेल्यावर मागे जोडलेल्या कागदांत आकडे होते, आणि पत्रात त्या आकड्यांचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. खरी चूक इथेच आहे. आकडे अकाउंटंटचे, पत्र व्यापाऱ्याचे आणि दोघांची ओळख नाही. मॅनेजरने एक प्रश्न विचारला की व्यापारी म्हणतो, "ते सीए साहेबांना विचारा." त्या वाक्याने जितकी प्रकरणे बुडतात तितकी तारणाअभावी बुडत नसतील.

आता ते आकडे पाहू. दहा कंटेनर, प्रत्येकी २८ लाख, म्हणजे विक्री २ कोटी ८० लाख. एवढ्या रसासाठी सुमारे ३६० टन आंबा लागतो, कारण साल, कोय आणि नासाडी जाऊन हाती निम्म्याहून थोडा जास्त रस येतो. कॅनिंगच्या आंब्याचा दर किलोला ४० रुपये धरून फळाचे १ कोटी ४४ लाख. डबे, पेटारे, लेबले ४४ लाख. मोसमातील मजुरी, इंधन, वीज २४ लाख. न्हावा शेवापर्यंतची वाहतूक आणि क्लिअरिंग १० लाख, वर्षभराचे पगार, भाडे, विमा १२ लाख. खर्च २ कोटी ३४ लाख, आणि व्याज, घसारा, कर यांच्या आधी उरतात ४६ लाख.

त्यातून पॅकिंग क्रेडिटचे व्याज १० लाख, मुदत कर्जाचे ३ लाख, घसारा ५ लाख आणि कर ८ लाख वजा केला की निव्वळ नफा २० लाख. डीएससीआर काढताना या नफ्यात घसारा आणि मुदत कर्जाचे व्याज परत मिळवतात, कारण घसारा खिशातून जात नाही आणि ते व्याज भागाकाराच्या खालच्या बाजूला धरलेले असते. झाले २८ लाख. खाली वर्षाचा हप्ता ६ लाख अधिक व्याज ३ लाख, म्हणजे ९. भागाकार ३.१. बँका साधारण दीडच्या आसपास मागतात, तेव्हा तिप्पट म्हणजे सोन्यासारखा आकडा. व्याजाचे कव्हरेजही ४६ भागिले १३, म्हणजे साडेतीन.

मी त्याला एकच विचारले, "आंबा ४८ ने घ्यावा लागला तर?" तो हसला. "मोसमात होतोच की कधी."

मग हिशोब त्याच्याच हाताने करून घेतला. किलोमागे आठ रुपये म्हणजे ३६० टनांवर २८ लाख ८० हजार. ४६ लाखांचे १७ लाख २० हजार राहिले. दोन्ही व्याजे आणि घसारा काढल्यावर ८० हजारांचा तोटा. त्यात घसारा आणि व्याज मिळवून ७ लाख २० हजार, भागिले ९. डीएससीआर ०.८. फळाच्या दरातील आठ रुपयांनी ३.१ चा आकडा एकाखाली आणला. आणि गंमत अशी, की व्याजाचे कव्हरेज तेव्हाही १.३ दिसते. ते व्याजापुरतेच पाहते, मुद्दलाचा हप्ता त्याच्या हिशोबात नसतो. म्हणून यंत्राच्या कर्जासाठी नुसते व्याजाचे कव्हरेज दाखवणारे पत्र अनुभवी मॅनेजर बाजूला ठेवतो.

याचा अर्थ धंदा वाईट आहे असा नाही. धंदा एका खिळ्यावर टांगलेला आहे आणि तो खिळा म्हणजे कॅनिंगचा दर. आंब्याच्या व्यवसायातील प्रत्येकाला हे ठाऊक आहे, रत्नागिरीच्या शाखेतील मॅनेजरलाही. मग पत्रात ते लपवून काय मिळते? आम्ही दर एकेक रुपयाने वाढवत गेलो. ४६ रुपयांना गुणोत्तर जवळपास १.४ येते, ४७ ला १.१, आणि ४८ ला ०.८. म्हणजे ४६ ही रेषा. पत्रात ३.१ च्या शेजारी हेच तीन आकडे लिहायचे, असे ठरले. त्याच्या अकाउंटंटना ते रुचले नाही. गिऱ्हाईकाने स्वतःची दुखरी नस दाखवू नये, असे त्यांचे मत. माझे मत उलट आहे. कर्ज देणारा ती नस शोधणारच. त्याने शोधली तर ती फसवणूक वाटते, आपण दाखवली तर तयारी वाटते.

पण या पत्रातील अधिक मोठी गफलत गुणोत्तरात नव्हती, रोकडीत होती. गुणोत्तर एप्रिल ते मार्च असे संपूर्ण वर्ष एका गाठोड्यात बांधते. आंबा मात्र सहा-सात आठवड्यांत येतो आणि त्याचे पैसे वर्षभर थेंबाथेंबाने परततात. १ कोटी ७० लाखांचा आकडा त्याने कसा काढला होता? मोसमाचा खर्च २ कोटी १२ लाख, स्वतःचे ४५ लाख, उरले १ कोटी ६७, वर थोडे. जणू जूनमध्ये कॅनिंग संपले की खर्चही संपला.

महिन्यावार तक्ता मांडला तेव्हा चित्र वेगळे निघाले. एप्रिलमध्ये ७० लाख जातात, मे मध्ये १ कोटी, जूनमध्ये ४२ लाख. जूनअखेर बँकेचे येणे १ कोटी ७३ लाखांवर जाते. यानंतर भरलेले डबे काही दिवस नजरेखाली ठेवावे लागतात, एखादा फुगला तर बाजूला काढावा लागतो. जुलैत पहिला कंटेनर जातो, ऑगस्टमध्ये दुसरा. खरेदीदाराची मुदत साठ दिवसांची, म्हणून पहिले २८ लाख सप्टेंबरात. मधले दोन महिने पगार, भाडे, जहाजापर्यंतचा खर्च, यंत्राचा हप्ता आणि दर महिन्याचे दीड लाख व्याज चालूच. ऑगस्टअखेर येणे १ कोटी ८२ लाख! त्याच्या मागणीपेक्षा १२ लाख जास्त, आणि तेही फॅक्टरी बंद असताना. पहिला खरेदीदार एक महिना जरी लांबला तरी सप्टेंबरअखेर १ कोटी ८६ लाख. त्यानंतर मात्र उतार वेगाने लागतो. डिसेंबरअखेर सुमारे ६१ लाख, जानेवारीअखेर ८ लाख, आणि मार्चमध्ये कर भरून हाती स्वतःचे ६४ लाख.

गुणोत्तर ३.१ असलेला हा माणूस ऑगस्टमध्ये पगार देऊ शकला नसता. मंजूर रक्कम संपलेली, आणि वाढीव मर्यादा मागायला जायचे ते गोदाम मालाने भरलेले असताना. बँकेत अशा वेळी पहिली शंका येते की माल विकला जात नाही.

इथे वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९९२ च्या नायक समितीच्या शिफारशीपासून लहान उद्योगाला खेळते भांडवल देताना अंदाजित उलाढालीच्या २० टक्के, हा ठोकताळा बँकांत रूढ झाला. आपल्या उदाहरणात २ कोटी ८० लाखांचे २० टक्के म्हणजे ५६ लाख. गरज १ कोटी ८२ लाखांची आणि सूत्र देते ५६! मॅनेजर वाईट नसतो, त्याच्यापुढे सूत्र असते. तो ठोकताळा साधारण तीन महिन्यांत पैसा फिरून परत येतो अशा धंद्याला लागू पडतो. चप्पल, कपडा, सुटे भाग यांना तो चालतो. आंब्यात पैसा वर्षातून एकदाच फिरतो. शिवाय २० टक्के ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे, आणि मोसमी धंद्याला रोकड अंदाजपत्रकावरून कर्ज ठरवण्याची पद्धत बँकांना माहीत आहे. पण ती लावा, असे अर्जदाराने म्हटले पाहिजे आणि सोबत तक्ता दिला पाहिजे. तक्ता नसेल तर सूत्रच लागणार.

मुदतीचाही प्रश्न तसाच. पॅकिंग क्रेडिट साधारणपणे १८० दिवसांसाठी देतात. १५ मे ला उचललेल्या पैशाचे १८० दिवस ११ नोव्हेंबरला भरतात. आपल्या तक्त्यात डिसेंबरचे दोन आणि जानेवारीचा एक कंटेनर त्यानंतर जातो. म्हणजे सुमारे ६४ लाखांचा माल मुदतीबाहेर. नोव्हेंबरात पत्र लिहून मुदतवाढ मागणे वेगळे, आणि मंजुरीच्या वेळीच या भागाला नऊ महिने मागणे वेगळे. पहिल्यात खाते काही दिवस तरी अनियमित दिसते, आणि पुढल्या वर्षी नूतनीकरणाला तोच शेरा आडवा येतो.

माल डिसेंबर-जानेवारीपर्यंत का थांबतो, याचे कारण आपल्या वाचकांना सांगायला नको. आखातात रसाची मोठी खरेदी रमजानसाठी होते. २०१६ मध्ये रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. त्या काळात रमजानचा माल म्हणजे आदल्या वर्षीचे डबे, दहा-अकरा महिने गोदामात आणि व्याजाखाली. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. चांद्र वर्षामुळे दरसाल सुमारे अकरा दिवस तो अलीकडे सरकतो, २०३० मध्ये तो जानेवारीच्या सुरुवातीला येईल. माल दीड-दोन महिने आधी निघावा लागतो, म्हणजे कंटेनर ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे सरकतील आणि पैसाही लवकर परत येईल. पाच वर्षांच्या मुदत कर्जाच्या अंदाजात हे न लिहिणे म्हणजे हातचा फायदा सोडणे. शाखेतील मॅनेजरला हा हिशोब सुचेलच असे नाही, आपल्याला मात्र तो पाठ आहे.

मग रक्कम किती मागावी? उशिरासह १ कोटी ८६ लाख, म्हणून १ कोटी ९० लाख. पण फळाचा दर पुन्हा इथे येतो. नेहमीच्या १ कोटी ८२ लाखांवर आठ लाख मोकळे राहतात, त्यांना ३६० टनांनी भागा. किलोला दोन रुपये आणि काही पैसे! म्हणजे दर ४२ च्या वर गेला की बँकेची मर्यादा संपते. गुणोत्तर ४६ पर्यंत तग धरते, रोकड ४२ लाच अडते. नफ्यात असूनही धंदे अडकतात ते याच चार रुपयांच्या पट्ट्यात.

"मग ४२ ते ४६ चे कोण देणार?" मी विचारले. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "भाईजान कुवेतला आहेत. पंधरा लाख ठेवतील." १५ लाख म्हणजे ३६० टनांवर किलोला चार रुपयांहून थोडे जास्त. हिशोब जुळला. पण अशा घरच्या पैशाची गोष्ट पत्रात नुसती तोंडी आश्वासन म्हणून लिहून चालत नाही. रक्कम मार्चमध्ये खात्यात दाखवायची आणि बँकेचे मोसमी कर्ज फिटेपर्यंत ती काढणार नाही असे भावाचे लेखी पत्र जोडायचे. तेव्हा बँक तिला भांडवलासारखी धरू शकते.

शेवटी पत्राचे पहिलेच पान बदलले. अकरा वर्षांची निष्ठा एका ओळीत आली आणि तिच्याखाली हा मजकूर:

"दहा कंटेनरपैकी आठच्या ऑर्डर सोबत जोडल्या आहेत, दोन अपेक्षित आहेत. कॅनिंगचा दर ४० धरला आहे. ४२ पर्यंतची गरज मागितलेल्या मर्यादेत भागते. ४२ ते ४६ साठी माझ्या भावाचे १५ लाख खात्यात राहतील. दर ४६ च्या वर गेल्यास अपेक्षित दोन कंटेनरचे फळ मी घेणार नाही आणि त्या आठवड्यात आपणांस कळवीन. अशा वर्षी नफ्यातून हप्ता पूर्ण भागणार नाही, उरलेला भाग मी माझ्या ४५ लाखांतून भरीन. हे एक वर्ष सोसता येईल, लागोपाठ दोन वर्षे नाही. सर्वात जास्त येणे ऑगस्टअखेर असेल, त्याचे कारण तक्त्यात आहे."

सरकारी सवलतीची एक ओळ अकाउंटंटनी तक्त्यात घातली होती, व्याजातील सूट म्हणून. ती आम्ही काढली. १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेली निर्यात कर्जावरील व्याज समानीकरण योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, आणि तिच्या भरवशावर तक्ते मांडणाऱ्यांची त्या जानेवारीत धांदल उडाली होती. सवलत मिळाली तर तो वरचा पैसा. हप्ता तिच्यावर उभा करू नये. जीएसटीचा परतावाही असाच, हाती येईल त्या महिन्यात लिहावा, आधी नाही.

व्याजाविषयी वाचक विचारतील, आणि विचारावे. तो उलमांचा प्रांत आहे, या पानाचा नाही. आपल्या बँकांत इस्लामी पद्धतीची खिडकी उघडण्याचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने पुढे न नेण्याचे ठरवले, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. जे बांधव व्याज टाळून भागीदाराकडून मुदारबतीवर पैसा घेतात, त्यांनाही हाच तक्ता मांडावा लागतो. किंबहुना जास्त काटेकोरपणे. कारण पैशाचा तोटा भागीदार सोसतो, आणि दर ४८ झाल्यास काय, हा प्रश्न त्याचा स्वतःचा असतो.

पत्र जानेवारीतच दिले, कारण डब्यांची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम मार्चमध्ये द्यावी लागते आणि एप्रिलमध्ये अर्ज घेऊन जाणाऱ्याला बँक मोसम संपल्यावर उत्तर देते. मॅनेजरने कागद उलटसुलट पाहिले आणि पहिला प्रश्न केला तो ३.१ वर नव्हता. "हे ४६ कसे काढलेत?" तरुणाने पेन काढले आणि कागदाच्या मागच्या बाजूला ३६० टनांपासून सुरुवात केली.